दोरी कळली की साप जातो, मग ब्रह्म कळल्यावर जग का जात नाही?

सायंतारा

मायेचा विषय निघाला की दोरी आणि साप येतातच. अंधुक उजेडात दोरीच्या जागी साप दिसला, दिवा आणला, दोरी कळली, साप गेला. तसंच ब्रह्माच्या जागी जग दिसतं, आणि ज्ञान झालं की... इथे मी दर वेळी अडते.

साप गेला म्हणजे खरंच गेला. नंतर त्या दोरीकडे कितीही वेळ बघत बसलं तरी तो परत दिसत नाही. ज्ञानी माणसाचं तसं काही होत नाही. त्याला भूक लागते, बाहेर जायचं तर तो दारानेच जातो, शिष्यांना शिकवतो म्हणजे शिष्य त्याला दिसतातही. मग दृष्टान्त चुकला की सिद्धान्त?

दुसरी अडचण अशी, की 'जग मिथ्या आहे म्हणजे ते नाहीच असं नव्हे' हे लगोलग सांगितलं जातं. पण साप तर नव्हताच! दृष्टान्तातली वस्तू नाही आणि सिद्धान्तातली आहे, हे जमवायचं कसं? ज्यांनी शांकरभाष्य मुळातून वाचलंय त्यांनी कृपया लिहावं.

पाखरू

शंकराचार्यांच्या मागे हत्ती लागल्याची दंतकथा आठवली. आचार्य पळाले. बघणारे म्हणाले, 'हत्ती मिथ्या ना, मग पळालात कशाला?' आचार्य म्हणाले, 'गजोऽपि मिथ्या, पलायनमपि मिथ्या.' :)

अणुरेणू

यात अवघड काय आहे? विज्ञानानेच हे सिद्ध केलंय. टेबल घट्ट दिसतं, पण त्यातला अणू जवळजवळ सगळा रिकामा आहे. म्हणजे आपल्याला दिसणारं टेबल हा आभास, खरं वेगळंच. आपल्या ऋषींनी हेच मायेच्या भाषेत सांगितलं. टेबल 'नाही' असं नाही, ते जसं दिसतं तसं नाही, एवढंच.

सुनंदा_काकू

मला वाटतं माया म्हणजे माणसांत जीव गुंतणं. लेकरं, घर, पैसा यांचा मोह सुटत नाही ती माया. संतांनीही तेच सांगितलंय ना? मोह सोडला की माया गेली. जग दिसतं की नाही याचा इतका काथ्याकूट कशाला?

भाष्यवाचक

सायंतारा, तुमची अडचण खरी आहे, आणि ती आचार्यांच्या लक्षात आलेली होती. ब्रह्मसूत्रभाष्याच्या अगदी सुरुवातीला अध्यासभाष्य आहे. एका गोष्टीवर दुसरी भासते ती कशी, हे तिथे सांगताना त्यांनी लोकव्यवहारातले दोन अनुभव दिलेत. पहिला, शिंपला चांदीसारखा भासतो. दुसरा, एकच चंद्र दोन असल्यासारखा दिसतो. आपण बहुतेक पहिलाच लक्षात ठेवतो (शिंपला-चांदी आणि दोरी-साप एकाच जातीचे) आणि दुसरा वाचून पुढे जातो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आहे.

डोळ्यात दोष असलेल्या माणसाला दोन चंद्र दिसतात. चंद्र एकच आहे हे त्याला पक्कं माहीत असतं, तरी दोनच दिसत राहतात. डोळ्यांत दोष नसला तरी हे घरबसल्या करून बघता येतं. तर्जनी नाकासमोर साधारण वीतभर अंतरावर उभी धरा. दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि बोटाकडे न बघता समोरच्या भिंतीवरच्या एखाद्या खुणेवर नजर लावा. बोटं दोन दिसतील, किंचित विरळ. आता मनाशी ठाम म्हणा की बोट एकच आहे. तुमच्या ज्ञानात काडीचीही कसर नाही, पण दुसरं बोट जागचं हलणार नाही. मग एक डोळा मिटा. क्षणात बोट एक.

इथे दोन गोष्टी वेगळ्या घडल्या. 'बोटं दोन आहेत' ही समजूत ज्ञानाने केव्हाच गेली, खरं तर ती आलीच नाही. दिसणं मात्र ज्ञानाने गेलं नाही, डोळा मिटल्यावर गेलं. दुसऱ्या बोटाचं दिसणं ज्यावर टिकून होतं ते कारण हटल्याशिवाय ते हटणार नव्हतं. दोरीवरच्या सापाला असं वेगळं कारण मागे उरत नाही, तो निव्वळ दोरी न कळल्यामुळे होता. म्हणून दोरी कळताच समजूत आणि दिसणं दोन्ही एकदम गेलं. परंपरेत दोन चंद्रांच्या आणि बोटाच्या प्रकाराला सोपाधिक भ्रम म्हणतात, सापाच्या प्रकाराला निरुपाधिक.

आता तुमचा प्रश्न परत वाचा. ब्रह्म कळलं की जगाचा बाध होतो, असं शास्त्र सांगतं. बाध म्हणजे दिसेनासं होणं नव्हे. 'हे स्वतःच्या बळावर, स्वतंत्रपणे असं आहे' हा निश्चय मोडणं म्हणजे बाध. सापाच्या उदाहरणात हा निश्चय मोडणं आणि साप अदृश्य होणं एकाच क्षणी घडतं, त्यामुळे दोन्ही एकच आहेत असं वाटतं. दोरी-साप शिकवायला सोपा असला तरी नेमका इथे दिशाभूल करतो.

निळावंती

बोट धरून बघितलं. मला एकच दिसतंय!

भाष्यवाचक

निळावंती, बहुतेक तुमची नजर न कळत बोटावर येतेय. नजर बोटावर आली की बोट एक होतं आणि मागची खूण दोन होते. खूण लांबची आणि ठळक घ्या, बोट अजून थोडं जवळ आणा. दोन्ही डोळ्यांची नजर सारखी नसेल तरी दुसरं बोट फिकट पडतं किंवा दिसतच नाही.

निळावंती

दिसली, दोन! आणि खरंच, कितीही ठरवलं तरी जात नाहीत.

तर्कट

उदाहरण चांगलं आहे, पण अर्ध्या प्रश्नालाच पुरतं. सायंतारा यांचा दुसरा मुद्दा तसाच राहिला. दुसरं बोटही नव्हतंच ना? मग 'जग नाहीच असं नव्हे' हे कुठून आलं?

भाष्यवाचक

बरोबर. त्यासाठी 'नाही' चे दोन प्रकार वेगळे करावे लागतात.

सशाचं शिंग घ्या. ते कधी कोणाला दिसलं? अंधारात, डोळ्याच्या दोषाने, कशानेही नाही. कोणी त्याला घाबरून पळालेलं नाही. याला असत् म्हणतात. साप तसा नव्हता. तो दिसला, छाती धडधडली, पाय मागे आले. जे मुळीच नाही ते समोर दिसू शकत नाही, म्हणून साप असत् म्हणता येत नाही. आणि जे खरंच आहे ते दिवा आणल्याने रद्द होत नाही, म्हणून सत् ही म्हणता येत नाही. हाच युक्तिवाद परंपरेत आटोपशीर सांगतात: सत् असता तर बाध झाला नसता, असत् असता तर दिसला नसता. दोन्हींहून वेगळं जे उरतं ते मिथ्या. अनिर्वचनीय म्हणतात ते यालाच. वर्णन करायला शब्द थिटे पडतात अशी काही गूढ गोष्ट त्यात नाही. ही 'आहे' आणि 'नाही' या दोन खणांपैकी कुठेच न बसणारी नोंद आहे.

म्हणजे दृष्टान्तातला सापसुद्धा 'नाहीच' नव्हता. सायंतारा, तुमच्या प्रश्नात साप सशाच्या शिंगाच्या रांगेत गेला, तिथेच गाठ बसली.

पण जग सापाच्या शेजारी बसवूनही भागत नाही. सापाचा बाध व्यवहारातच होतो, दिवा आणला की झालं. जगाचा बाध व्यवहारातल्या कुठल्याच ज्ञानाने होत नाही, फक्त ब्रह्मज्ञानाने होतो. म्हणून सापाची सत्ता प्रातिभासिक म्हणजे भासण्यापुरती, जगाची व्यावहारिक, आणि ब्रह्माची पारमार्थिक म्हणजे कधीच बाध न होणारी. अणुरेणू, तुमचं टेबल इथे तपासून बघा.

अणुरेणू

म्हणजे अणूंचं ज्ञान झाल्याने टेबलाचा बाध होत नाही, असं?

भाष्यवाचक

नाही होत. 'टेबल जसं दिसतं तसं नाही' हे तुमचं म्हणणं मान्य. पण अणू, त्यातली पोकळी, ती मोजणारं यंत्र, मोजणारा माणूस, सगळं व्यवहाराच्याच अंगणात आहे. एका व्यावहारिक वर्णनाच्या जागी तुम्ही दुसरं, जास्त बारकाईचं व्यावहारिक वर्णन ठेवलंत. उद्या अणूहून सूक्ष्म काही मिळालं तरी तेही 'दिसणाऱ्या' च्याच बाजूला पडेल, 'पाहणाऱ्या' च्या बाजूला नाही. वेदान्ताचा प्रश्न टेबल आतून कशाचं आहे हा नाहीच. टेबल असो की अणू, त्याचं 'असणं' स्वतःचं आहे की उसनं, हा आहे. भौतिकशास्त्र मायेच्या बाजूने साक्ष देत नाही आणि विरुद्धही देत नाही.

अणुरेणू

पटतंय, पण पूर्ण नाही. इंद्रियं सांगतात ते अंतिम नसतं, एवढं तरी विज्ञानाने दाखवलंच ना? विचार करून लिहितो.

पाखरू

माझा हत्ती मात्र कोणीच घेतला नाही.

तर्कट

पाखरू, हत्ती मी घेतो, कारण दंतकथा असली तरी त्यातला तर्क चोख आहे. हत्ती व्यावहारिक, पायही व्यावहारिक, पळणंही व्यावहारिक. सगळं एका पातळीवर, म्हणून हिशेब जुळतो. गोंधळ कधी होतो? हत्ती एका पातळीवर आणि आपण दुसऱ्या पातळीवर धरला की. 'मी ब्रह्म, तू मात्र मिथ्या हत्ती' असं म्हणून उभं राहायचं, म्हणजे स्वतःचं शरीर गुपचूप पारमार्थिक करून टाकायचं.

व्यवहारात ही लबाडी सर्रास दिसते. दुसऱ्याचं दुःख आलं की 'सगळं मिथ्या आहे, कशाला रडतोस', आणि स्वतःची दाढ दुखली की लगेच डॉक्टर. ओळखायची खूण हीच: मिथ्यात्व फक्त समोरच्याच्या खात्यात टाकलेलं असतं. उसने पैसे मिथ्या म्हणून फेडायचे नाहीत, पण घेताना ते मिथ्या नव्हते! मी अद्वैती नाही, पण अद्वैताच्या नावाने असं बोलणाऱ्यांना शांकरभाष्यात आधार मिळणार नाही, हे मान्य करायला हवं.

भाष्यवाचक

तर्कट यांना पूर्ण अनुमोदन. आधार मिळत नाही, उलट ताशेरे मिळतात. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात 'नाभाव उपलब्धेः' (२.२.२८) हे सूत्र आहे. तिथे समोर विज्ञानवादी बौद्ध आहेत. त्यांचं म्हणणं, बाहेर वस्तू नाहीतच, फक्त ज्ञान आहे, आणि तेच बाहेर असल्यासारखं भासतं. जग नाकारणारा म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते आचार्य यावर काय म्हणतात? बाह्य वस्तू नाही असं म्हणता येत नाही, कारण ती उपलब्ध होते. एखादा माणूस जेवतोय, पोट भरल्याचा अनुभवही घेतोय, आणि वर म्हणतोय की मी जेवत नाही, माझं पोट भरत नाही, तसं हे बोलणं आहे. पुढे ते 'बाहेर असल्यासारखं' यातला 'सारखं' धरतात. बाहेर काही नसेलच तर बाहेर 'सारखं' तरी कसं म्हणाल? विष्णुमित्र हा वांझेच्या मुलासारखा दिसतो, असं कोणी म्हणत नाही.

लगेच पुढच्या सूत्रात (२.२.२९) जागृती स्वप्नासारखी नाही, असं ते स्पष्ट सांगतात. दोन कारणं देतात. स्वप्नातलं जागं झाल्यावर बाधित होतं, जागेपणी दिसलेला खांब पुढे कुठल्याही अवस्थेत तसा बाधित होत नाही. आणि स्वप्न स्मृतीच्या जातीचं आहे, जागेपणीचं ज्ञान प्रत्यक्ष उपलब्धीचं.

मांडूक्य_वाचक

इथे मला जोरदार हरकत घ्यायची आहे. मांडूक्य उपनिषदावरची गौडपादांची कारिका वाचा. दुसऱ्या प्रकरणात स्वप्न आणि जागृती एकच आहेत असं साफ म्हटलंय. जे सुरुवातीला नाही आणि शेवटीही नाही, ते मध्येही तसंच. जागेपणीच्या वस्तू कामाला येतात म्हणून खऱ्या, असं कोणी म्हणेल, तर त्याचंही उत्तर तिथेच आहे: ती उपयुक्तता स्वप्नात टिकत नाही. पोटभर जेवून झोपलेला माणूस स्वप्नात उपाशी असतो. आणि गौडपाद हे आचार्यांच्या गुरूंचे गुरू. परमगुरू स्वप्न म्हणतात आणि तुम्ही इथे जगाला व्यावहारिक सत्तेचं प्रमाणपत्र देताय. तीन पातळ्या हे नंतरच्यांनी बसवलेलं ठिगळ आहे.

भाष्यवाचक

कारिकेचा संदर्भ अगदी बरोबर. निष्कर्षापाशी मात्र मी थांबतो.

दोन्हीकडे प्रश्न वेगळा विचारलाय. कारिकेत विचारलंय, पारमार्थिक दृष्टीने जागृतीला स्वप्नाहून जास्त वजन आहे का? नाही, कारण दोन्ही 'दृश्य' आहेत. सूत्रभाष्यात विचारलंय, व्यवहार करताना आतलं ज्ञान आणि बाहेरची वस्तू यातला भेद पुसता येईल का? नाही, कारण मग प्रमाण आणि भ्रम वेगळे करायला जागाच उरत नाही. आणि दोन्ही उत्तरं आचार्यांनी एकाच ठिकाणीही दिलीत. तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात सूत्रकार स्वप्नसृष्टीला 'मायामात्र' म्हणतात. त्यावर भाष्यात असं आहे की आकाशादी सृष्टीलाही आत्यंतिक सत्यत्व नाहीच, पण ब्रह्मात्मदर्शन होईपर्यंत ती नेमक्या, ठरलेल्या रूपात टिकते, स्वप्नातली मात्र रोज मोडते. ब्रह्मज्ञानाआधी सगळे व्यवहार सत्यच धरायचे, जागं होण्याआधी स्वप्नातले धरतो तसे, हे २.१.१४ वरच्या भाष्यात आहे. म्हणून 'नंतरच्यांनी बसवलेलं' म्हणणं जड जातं. तीन नावांची नीट मांडणी नंतरची म्हणा हवं तर, भेद स्वतः भाष्यकारांचा आहे.

मांडूक्य_वाचक

भेद आहे हे मान्य. पण अद्वैतातच दृष्टिसृष्टिवादी आहेत. प्रकाशानंदांसारखे, जे 'बघितलं तेव्हाच निर्माण झालं, बघण्याआधी वस्तू नाही' इथपर्यंत जातात. त्यांच्या दृष्टीने व्यावहारिक आणि प्रातिभासिक यात फरक उरत नाही. तेव्हा 'अद्वैताचं म्हणणं' असं एकच एक सांगू नका.

भाष्यवाचक

हे मान्य. मी लिहितोय ते सूत्रभाष्याला धरून.

सुनंदा_काकू

तुम्ही सगळे फार मोठं लिहिताय, पण माझ्या प्रश्नाकडे कोणीच बघितलं नाही. माणूस बांधला जातो तो मोहाने. दोन चंद्र दिसले म्हणून कोणी बांधला जात नाही.

सायंतारा

काकू, तुमचा प्रतिसाद मला आधी विषयाला सोडून वाटला होता, पण या वाक्याने विचारात पाडलं. भाष्यवाचक, यावर काही आहे का?

भाष्यवाचक

आहे, आणि काकूंचा निम्मा मुद्दा थेट विद्यारण्यांचा आहे. १४व्या शतकातली त्यांची पंचदशी घ्या, त्यातलं द्वैतविवेक प्रकरण. ते जगाचे दोन भाग पाडतात. एक ईश्वराने केलेलं, एक जीवाने केलेलं. रत्न हे ईश्वराचं. ते मिळालं म्हणून एकाला आनंद, मिळालं नाही म्हणून दुसऱ्याला राग, आणि तिसरा विरक्त नुसता बघतो, त्याला आनंदही नाही आणि रागही नाही. रत्न तिघांनाही तेच दिसतंय. 'हवंसं', 'नकोसं' आणि 'उपेक्षेचं' ही तीन रूपं जीवाची.

मग ते बापाचं उदाहरण देतात. मुलगा दूरदेशी गेलाय आणि सुखरूप आहे. एका खोटारड्याने येऊन सांगितलं की तो गेला. बाप धाय मोकलून रडतो. उलट, मुलगा खरंच गेला, पण बातमी पोचली नाही, तर बाप रडत नाही. म्हणजे बांधतं ते मनातलं जग. इथपर्यंत काकू अगदी बरोबर.

पण विद्यारण्य यावरून 'बाहेरचं जग नाहीच' असं म्हणत नाहीत. मनाला आकार यायला बाहेरची वस्तू लागतेच, असं ते स्वतः सांगतात. ईश्वराचं जग मोडायची गरजही नाही आणि ते जीवाला मोडता येतही नाही. उलट गुरू आणि शास्त्र त्याच जगात आहेत, ते मोडलं तर शिकणार कुठून? काकू, मोह सुटला की बंधन सैल होतं, पण मिथ्यात्व कळल्यासारखं होत नाही. गाढ झोपेत मोह नसतोच, म्हणून कोणी झोपेतून ज्ञानी होऊन उठत नाही.

सुनंदा_काकू

हे झोपेचं पटलं. बापाचं उदाहरण फारच आवडलं.

ओवीप्रेमी

मराठीत लिहिताय आणि अमृतानुभव नाही? ज्ञानेश्वर महाराज सातव्या प्रकरणात अज्ञानाचंच खंडन करतात. अज्ञान जर आत्म्यात राहतं म्हणाल, तर आत्मा ज्ञानरूप, तिथे ते टिकेल कसं? आत्म्याला झाकतं म्हणाल, तर स्वतःच्या प्रकाशाने असलेल्याला झाकेल कोण? मग जग कुठून आलं? कुठूनच नाही, तो चैतन्याचाच विलास आहे. सोन्याचा दागिना झाला म्हणून सोनं काही उणावत नाही, असं चांगदेवपासष्टीत आहे. मुळात माया मध्ये आणलीच नाही, तर 'जग नाही का आहे' हा पेच पडतच नाही.

भाष्यवाचक

ओवीप्रेमी, हा वेगळा मार्ग आहे आणि तो वेगळाच ठेवायला हवा. शांकर मतात दिसणं हे अज्ञानाच्या खात्यावर पडतं, म्हणून ते समजावून सांगावं लागतं. अमृतानुभवात दिसणं हे त्या वस्तूचंच फुलणं आहे, म्हणून समजावून सांगायचं काही उरत नाही. दोन्ही 'जग सशाच्या शिंगासारखं नाही' असंच म्हणतात, पण कारणं उलट. 'ज्ञानेश्वरांनी शंकराचार्यांचंच मराठीत सांगितलं' असं सरसकट म्हटलं जातं, ते मला तरी पटत नाही.

ओवीप्रेमी

ज्ञानेश्वरीत मायावादाची भाषा भरपूर आहे हेही विसरू नका. माझ्या मते ते विरोध करत नाहीत, पुढे जातात. पण त्यासाठी वेगळा धागा काढू.

तर्कट

मूळ प्रश्नावर परत येतो, कारण दोन चंद्रांवर सगळ्यांनी फार लवकर मान डोलावली. रामानुजाचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरच्या आपल्या श्रीभाष्यात, पहिल्याच सूत्रावर, नेमकं हेच उदाहरण पकडलंय.

त्यांचं म्हणणं असं. चंद्र एक आहे हे कळूनही दोन दिसतात, हे खरं. का दिसतात? कारण डोळ्यातला दोष खरा आहे, आणि 'चंद्र एक आहे' या ज्ञानाने तो दोष जात नाही. कारण शाबूत, म्हणून कार्य शाबूत. इथे काही अडचण नाही. पण तुमच्या मतात जग दिसण्याचं कारण काय? अविद्या. आणि ती ज्ञानाने जाते. कारणच गेलं तर दिसणं कशाच्या आधारावर चालू राहिलं? बोटाच्या प्रयोगात ज्ञानाने डोळा मिटला गेला नाही, म्हणून बोटं दोन राहिली. तुमच्या सिद्धान्तात ज्ञानानेच डोळा मिटतो. मग बोट एक व्हायला हवं. म्हणजे ज्ञान होताच जग दिसेनासं व्हायला हवं, किंवा मग मान्य करा की जग दिसण्याचं कारण ज्ञानाने जात नाही, म्हणजे ते खरं आहे. सायंतारा यांचा पहिलाच प्रश्न, फक्त जास्त धारदार.

सायंतारा

अगदी! मला हेच म्हणायचं होतं, नीट मांडता येत नव्हतं.

मांडूक्य_वाचक

म्हणूनच मी म्हणतो, 'जग नंतरही दिसत राहतं' हे सिद्ध करण्याच्या फंदातच पडू नये. जे जन्मलंच नाही ते जाणार कुठे?

भाष्यवाचक

तर्कट, ही हरकत मी मोडून काढू शकत नाही, तिला आजवर काय उत्तरं दिली गेली तेवढं सांगतो.

एक उत्तर, अविद्येच्या दोन शक्ती आहेत. एक झाकते, दुसरी दाखवते. ज्ञानाने झाकणं ताबडतोब संपतं. दाखवणं प्रारब्ध संपेपर्यंत, म्हणजे हे शरीर पडेपर्यंत, लेशमात्र चालू राहतं. याला अविद्यालेश म्हणतात. तुम्ही विचाराल, ज्ञान झाल्यावर लेश तरी का उरावा? आणि तो विचारायला हक्काचा प्रश्न आहे.

दुसरं उत्तर आचार्यांचं स्वतःचं, ४.१.१५ वर. तिथे ते कुंभाराच्या चाकाचं उदाहरण देतात. वेग दिलेलं चाक हात काढल्यावरही काही वेळ फिरतं. आणि मग पुन्हा दोन चंद्र: मिथ्याज्ञान बाधित झालं तरी संस्कारामुळे काही काळ चालू राहतंच. म्हणजे ग्रंथाच्या आरंभी आलेलं उदाहरण त्यांनी चौथ्या अध्यायात जीवन्मुक्तासाठी पुन्हा वापरलंय. इथे कारण म्हणून ते अविद्या म्हणत नाहीत, संस्कार म्हणतात. रामानुजांच्या हरकतीला वाट असेल तर ती इथे आहे: अविद्या गेली, तिचा ठसा उरला.

तर्कट

ठसाही अविद्येचंच कार्य ना? कारण गेल्यावर कार्य किती काळ? चाकाला कुंभाराने दिलेला वेग खरा असतो, तुमचा संस्कार मात्र बाधित. बाधित गोष्ट काम कशी करते ते सांगा.

भाष्यवाचक

बाधित साप काम करतो. दोरी कळल्यावरही छातीची धडधड लगेच थांबत नाही.

तर्कट

धडधड सापाने नाही, सापाच्या ज्ञानाने सुरू झाली. आणि ज्ञान झालं होतं हे खरंच आहे, ते बाधित नाही. हे उदाहरण माझ्याच बाजूने जातं.

भाष्यवाचक

ते सापाचं ज्ञान म्हणूनच तर बाधित झालं. पण मान्य, इथे दोघांनाही अजून खोल जावं लागेल. त्याच भाष्यात आचार्य पुढे काय करतात ते बघा. शरीर किती काळ राहतं, राहतं की नाही, यावर वाद घालायचं कारणच नाही, असं ते म्हणतात. ब्रह्म जाणलंय आणि देहही आहे, हा एखाद्याच्या स्वतःच्या हृदयाचा प्रत्यय असेल, तर दुसरा तो कसा नाकारणार? म्हणजे शेवटी ते युक्तिवाद सोडून अनुभवावर येतात.

तर्कट

विज्ञानवाद्याला 'उपलब्ध होतं म्हणून आहे' म्हणून गप्प करायचं, आणि इथे 'हृदयाचा प्रत्यय आहे म्हणून नाकारू नका' म्हणायचं. दोन्हीकडे शेवटचा निवाडा अनुभवाचाच. मग बाधापेक्षा अनुभव वरचढ ठरला ना? मला याचं उत्तर हवंय.

अणुरेणू

दोन दिवस विचार केला. 'असणं उसनं' हे अजून नीट कळलेलं नाही. पण टेबलाचा मुद्दा मागे घेतो.

सायंतारा

माझ्यापुरतं एवढं स्पष्ट झालं की साप सशाच्या शिंगाच्या रांगेत बसवायचा नव्हता, आणि जग सापाच्या रांगेत बसवायचं नव्हतं. दिसेनासं होणं म्हणजे बाध, असं मी धरून चालले होते, तेही सुटलं. तर्कट यांचा शेवटचा प्रश्न मात्र मलाही पडलाय. ४.१.१५ चं भाष्य आणि श्रीभाष्यातला तो भाग समोरासमोर ठेवून वाचते आणि इथेच लिहिते. श्रीभाष्यात ते लघुसिद्धान्त या भागात आहे की पुढे, तर्कट?

तर्कट

लघुसिद्धान्तात. 'द्विचंद्र' शब्द शोधा, सापडेल.